लाइट गेली, तरी गच्चीवरची तार जिवंत कशी?

सोलापुरात भर दुपारी महावितरणचा पुरवठा खंडित झाला की, गच्चीवर सौर पॅनेल बसविलेल्या घरातील पंखेही शेजारच्या घरांबरोबरच थांबतात, आणि डोक्यावर एवढे ऊन असताना सोलर का बंद पडले, हा प्रश्न बहुतेक घरांत पहिल्याच उन्हाळ्यात विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर बसविणारे सांगतातही. परंतु त्यातून घरातील माणसे, आणि अनेकदा नवखे वायरमनही, एक चुकीचा निष्कर्ष काढतात, तो असा की लाइट गेली म्हणजे सारा सौरसंच निर्जीव झाला आणि आता त्याला हात लावण्यास हरकत नाही. प्रत्यक्षात त्याच क्षणी गच्चीवरून खाली उतरणाऱ्या दोन तारांमध्ये सुमारे 300 व्होल्टचा दाब असतो, आणि तो मीटरजवळचा मुख्य स्विच पाडल्याने, फ्यूज काढल्याने किंवा महावितरणला कळविल्यानेही जात नाही. बंद दिसणारा संच बंद का नसतो, ही एक गोष्ट नीट समजली की सौर पॅनेल बसविताना व दुरुस्त करताना होणाऱ्या बहुतेक अपघातांची कारणे उलगडतात.

## इन्व्हर्टर थांबतो, पॅनेल थांबत नाहीत

घरगुती सौरसंचाचे दोन भाग मानता येतात. छतावरील पॅनेल उन्हापासून दिष्ट प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह तयार करतात. तर भिंतीवरील इन्व्हर्टर त्याचे रूपांतर घरातील उपकरणांना चालणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तने करणाऱ्या एसी प्रवाहात करतो. हा इन्व्हर्टर महावितरणच्या विजेचा दाब आणि आवर्तने सतत तपासत असतो, व ती दिसेनाशी होताच काही क्षणांत आपले काम थांबवितो. असे नसते, तर खांबावर चढलेल्या लाइनमनने बंद केलेली वाहिनी एखाद्या घराच्या छतावरील विजेने पुन्हा जिवंत झाली असती. इन्व्हर्टरचे हे थांबणे लाइनमनच्या रक्षणासाठी आहे. गच्चीवर काम करणाऱ्याच्या रक्षणाशी त्याचा संबंध नाही.

कारण थांबतो तो फक्त रूपांतर करणारा भाग. पॅनेल म्हणजे विहिरीचा झरा आहे. नळाची तोटी फिरवून पाइपातले पाणी अडविता येते, पण तोटीच्या मागे झऱ्याचा दाब तसाच राहतो. सौरसंचातील प्रत्येक स्विच ही अशी तोटी आहे. स्विचच्या पुढची तार निर्जीव होते, परंतु स्विचपासून पॅनेलपर्यंतची तार सूर्य मावळेपर्यंत जिवंतच असते. घरातील नेहमीच्या वायरिंगमध्ये असा भाग सहसा नसतो, म्हणून घरगुती वायरिंगमध्ये आयुष्य घालविलेला कसबी वायरमनसुद्धा येथे सवयीने चुकतो.

## सहा पॅनेलांचा हिशेब

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळते आणि ते 3 किलोवॅट क्षमतेलाच पूर्ण होते, त्यामुळे मध्यम घरांवर साधारण याच आकाराचे संच दिसतात. जुळे सोलापूर भागातील एखाद्या दुमजली घरावर 540 वॉटचे 6 पॅनेल बसविले आहेत, असे उदाहरणादाखल धरू. अशा एका पॅनेलची तार कशालाही जोडलेली नसताना त्याच्या दोन टोकांमध्ये सुमारे 49.5 व्होल्टचा दाब मिळतो. हा एकटा दाब फारसा घातक नाही. परंतु सहा पॅनेल एकापुढे एक जोडून त्यांची माळ केली जाते, हिलाच बसविणारे स्ट्रिंग म्हणतात, आणि माळेत दाबांची बेरीज होते, म्हणून शेवटच्या दोन टोकांमध्ये 297 व्होल्ट उभे राहतात. डीसीच्या बाबतीत कोरड्या जागी 120 व्होल्टपर्यंतचा दाब तुलनेने कमी धोक्याचा मानण्याची आंतरराष्ट्रीय प्रथा आहे. या छोट्या घरगुती संचाचा दाब त्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागाच्या शेडवर एका माळेत 18 पॅनेल घेतले, तर हाच आकडा 890 व्होल्टच्या पुढे जातो.

हा दाब उन्हाच्या तीव्रतेवर फारसा अवलंबून नसतो, आणि नेमके हेच अनेकांना ठाऊक नसते. प्रकाश दहाव्या हिश्शावर आला तर प्रवाह जवळपास दहाव्या हिश्शावर येतो, दाब मात्र सुमारे नऊ-दशांश टिकून राहतो. त्यामुळे आभाळ भरून आले आहे किंवा सूर्य नुकताच उगवला आहे, म्हणून तारा उघड्या हाताने जोडणे सुरक्षित ठरत नाही. उष्णतेचा परिणाम तर अपेक्षेच्या उलट असतो. पॅनेलमधील सिलिकॉन तापले की दाब घटतो. मे महिन्यात, सूर्य सोलापूरच्या अगदी माथ्यावर येतो त्या दिवसांत, पॅनेल 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापला तर आपल्या उदाहरणातील माळेचा दाब 260 व्होल्टच्या आसपास उतरतो. उलट डिसेंबर-जानेवारीतील 10 अंशांच्या पहाटेनंतर पहिली किरणे पडताच तो 309 व्होल्टपर्यंत चढतो.

## फ्यूज का वितळत नाही

घरातील दोन तारा एकमेकींना चिकटल्या, की शेकडो अँपिअरचा लोंढा येतो, एमसीबी खटकन पडतो आणि प्रकरण तेथेच मिटते. महावितरणचे रोहित्र असा लोंढा देऊ शकते, म्हणून हे संरक्षण चालते. पॅनेलला ते जमत नाही. आपल्या उदाहरणातील माळ ऐन उन्हात काम करताना 13 अँपिअर देते, आणि तिची दोन टोके थेट एकमेकांना चिकटविली तरी 13.8 अँपिअरच्या पुढे जात नाही, कारण पडणाऱ्या प्रकाशातून जेवढे विद्युतकण सुटतात तेवढाच प्रवाह तयार होऊ शकतो. नेहमीचे काम आणि शॉर्टसर्किट यांत फक्त 0.8 अँपिअरचा फरक असेल, तर तो ओळखून फ्यूजने वितळावे तरी कसे? अशा माळेला साधारण 20 अँपिअरचा फ्यूज लावतात, आणि तो तिच्या स्वतःच्या दोषाने कधीच वितळत नाही. तीन किंवा अधिक माळा समांतर जोडलेल्या मोठ्या संचात, बाकीच्या माळांचा प्रवाह एका सदोष माळेत उलटा शिरतो तेव्हाच त्याचा उपयोग असतो. तेव्हा डीसी पेटीत फ्यूज दिसला म्हणजे बिघाड आपोआप तोडला जाईल, हा भरवसा घरगुती संचात निराधार आहे. येथे दोष शांतपणे, तासन्‌तास, दररोज उन्हाबरोबर चालू राहू शकतो.

## जोड ओढला की काय होते

वाहता प्रवाह मध्येच तोडला, की दुरावणाऱ्या धातूंच्या फटीत हवा तापून तिच्यातून प्रवाह वाहू लागतो. या झगझगीत, काही हजार अंश तापमानाच्या झोताला आर्क म्हणतात. एसी प्रवाह दिशा बदलताना सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी आर्कला विझण्याची संधी मिळते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. एकदा पेटलेला आर्क धातू वितळेपर्यंत किंवा फट पुरेशी रुंद होईपर्यंत टिकतो, आणि तोपर्यंत तारेचे आवरण, प्लास्टिकची पेटी, जवळचा पालापाचोळा यांपैकी काहीही पेटवू शकतो. डीसीच्या बाजूला एसीचा साधा एमसीबी बसविणे म्हणूनच घातक आहे. त्याच्यात आर्क ताणून विझविण्याची डीसीसाठी लागणारी रचना नसते. काही डीसी एमसीबींमध्ये धन आणि ऋण टोकांच्या जागा ठरलेल्या असतात, व ती टोके उलटी जोडली तर आतील चुंबक आर्कला विझविण्याच्या कप्प्यांकडे ढकलण्याऐवजी विरुद्ध दिशेला ढकलतो.

पॅनेलांच्या तारांना अंगठ्याएवढे काळे प्लास्टिकचे जोड असतात, त्यांना एमसी-फोर म्हणतात. दोन बाजूंच्या चिमट्या विशेष किल्लीने दाबून ते सोडवायचे असतात. पण तेही प्रवाह वाहत नसतानाच. चालू माळेत हा जोड ओढला तर आर्क थेट बोटांत पेटतो. शिवाय आगीचे मूळही बहुधा याच जोडात असते. तारेचे टोक धातूच्या पिनेत योग्य दाबयंत्राने दाबण्याऐवजी साध्या पक्कडीने चेपले, किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, दिसायला सारखे पण मापात किंचित वेगळे जोड एकमेकांत बसविले, की स्पर्श अपुरा होतो. अशा जोडाचा रोध 0.1 ओहम एवढाच झाला, तरी 13 अँपिअरला त्यात सुमारे 17 वॉट उष्णता निर्माण होते. निर्दोष जोडात ती एका वॉटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. सतरा वॉट त्या चिमुकल्या बंद प्लास्टिकला रोज पाच-सहा तास भाजत राहतात. जोडाचा काळा रंग तपकिरी किंवा राखाडी होणे, त्याचा आकार किंचित सुटणे, जवळ गेल्यावर करपल्याचा वास किंवा बारीक चरचर येणे, ही त्याची चिन्हे होत. ती दिसली तर जोड हाताने चाचपून पाहू नये.

## "तार धरली, काही झाले नाही"

जुन्या हातांकडून ऐकू येणारे हे वाक्य खरेही असते, आणि तेच सर्वांत फसवे असते. घराच्या पुरवठ्यात न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असल्याने फेजला हात लागताच शरीरातून जमिनीकडे वाट तयार होते. पॅनेलांची माळ मात्र बहुधा जमिनीशी कोठेही जोडलेली नसते. इन्व्हर्टरपासून ती वेगळी केलेली असेल, तर तिच्या एकाच टोकाला स्पर्श केल्याने मंडळ पूर्ण होत नाही, म्हणून शॉक बसत नाही. मात्र दुसऱ्या टोकाचे आवरण कोठेतरी सोलले जाऊन तांबे लोखंडी सांगाड्याला टेकले असेल, तर सांगाडाच माळेचे दुसरे टोक होतो, आणि एका हातात तार व दुसरा हात सांगाड्यावर, अशा अवस्थेत संपूर्ण 300 व्होल्ट छातीतून जातात. घामेजलेल्या शरीराचा रोध 1000 ओहम धरला, तर तो प्रवाह 300 मिलीअँपिअर होतो. हृदयाची लय बिघडविण्यास डीसी प्रवाह एसीपेक्षा जास्त लागतो हे खरे, परंतु एवढा प्रवाह क्षणभराहून अधिक टिकला तर तोही जीव घेऊ शकतो.

आवरण सोलण्याची कारणे साधी असतात. तार सांगाड्याच्या धारदार कडेवरून ओढली जाते, पॅनेल आवळताना क्लॅम्पखाली चिमटते, उंदीर-खारी कुरतडतात, आणि ज्या स्वस्त प्लास्टिक पट्ट्यांनी तार बांधलेली असते त्या दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तुटल्या की तार वाऱ्यावर घासू लागते. हा दोष कळण्याची एक ठळक खूण आहे. पावसानंतरच्या किंवा दवाच्या सकाळी इन्व्हर्टर आयसोलेशनचा दोष दाखवून सुरू होत नाही, आणि दहा-अकरा वाजता सारे वाळले की आपोआप सुरू होतो. आता चालू झाले, म्हणून घरचे निश्चिंत होतात. खरे तर ओलाव्याने उघडी पाडलेली आवरणाची ती जखम फक्त कोरडी झालेली असते. असा पहिला दोष दुर्लक्षिला गेला आणि पुढे दुसऱ्या टोकालाही दोष उद्भवला, की सांगाड्यातूनच मोठा प्रवाह वाहू लागतो. अमेरिकेतील बेकर्सफील्ड येथे एप्रिल 2009 मध्ये एका मोठ्या दुकानाच्या छतावरील संचाला लागलेल्या आगीचा मागोवा घेतला असता असाच क्रम उघड झाला होता: पहिला दोष संरक्षणाला जाणवला नाही, आणि दुसऱ्याने आग लावली.

धूळ बसते म्हणून पॅनेल धुणे सोलापुरात वारंवार करावे लागते, आणि घरातील माणसांचा या विजेशी संबंध येतो तो तेव्हाच. काच तडकलेला पॅनेल ओला करणे किंवा पॅनेलांखालच्या जोडांवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे, म्हणजे वर सांगितलेल्या वाटेला पाणी पुरविणे होय. धुणे पहाटे, पॅनेल थंड असताना, संच बंद करून आणि आयसोलेशनचा दोष दाखविला जात नसेल तरच करावे.

## तोडण्याचा क्रम

झरा बंद होत नाही, म्हणून सौरसंचात वीज तोडणे हे एका स्विचचे काम राहत नाही; प्रवाह आधी शून्यावर आणून मग वाट तोडणे आणि शेवटी माळेचे तुकडे करणे, असा तो क्रम आहे.

> चौकट: दुरुस्तीपूर्वी माळ वेगळी करताना
>
> प्रथम इन्व्हर्टरच्या बाहेरचा एसी एमसीबी पाडावा. इन्व्हर्टर थांबतो आणि डीसी प्रवाह जवळपास शून्यावर येतो. त्यानंतरच इन्व्हर्टरजवळचा डीसी आयसोलेटर, म्हणजे डीसी तोडण्यासाठी बनविलेला स्विच, फिरवावा. दोन्हींना कुलूप लावून "काम चालू आहे" अशी नावासह पाटी अडकवावी.
>
> इन्व्हर्टरवर लिहिलेला वेळ, बहुधा 5 ते 10 मिनिटे, थांबावे; आतील कपॅसिटरमध्ये साठलेला भार तेवढ्यात उतरतो.
>
> डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर माळेच्या एकेका तारेवर लावून प्रवाह शून्य असल्याची खात्री करावी. शून्य नसेल तर कोणताही जोड सोडवू नये.
>
> शून्य असेल तर विद्युतरोधक हातमोजे घालून, किल्लीने, माळ मध्येच सोडवावी व सुट्या टोकांना टोपणे लावावीत. ज्या तारेवर काम करायचे तिचा दाब धन-ऋण, धन-जमीन आणि ऋण-जमीन असा तिन्ही प्रकारे मोजावा.

या क्रमात एसी आधी का, याचे उत्तर आर्कमध्ये आहे. एसी तुटताच इन्व्हर्टर प्रवाह ओढणे सोडतो, त्यामुळे नंतर डीसी आयसोलेटर फिरविताना त्याला तोडण्यासारखे काही उरत नाही. उलट क्रमाने केल्यास पूर्ण 13 अँपिअरचा आर्क विझविण्याचे काम दरवेळी त्या स्विचवर पडते आणि तो आतून झिजत जातो. क्लॅम्प मीटरच्या पायरीला तर पर्याय नाही. सगळे बंद केल्यावरही तारेत प्रवाह दिसत असेल, तर कोठेतरी सांगाड्यातून किंवा चिकटलेल्या तारांतून मंडळ पूर्ण झालेले आहे, आणि जोड सोडविताच तेथे आर्क पेटेल. अशा वेळी पॅनेल जाड, अपारदर्शक कापडाने पूर्ण झाकून प्रवाह उतरल्याचे पाहणे किंवा सरळ सूर्यास्ताची वाट पाहणे, एवढेच हाती असते.

येथे दोन साधने दगा देतात. बाजारात स्वस्तात मिळणारे पुष्कळ क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात, आणि डीसी तारेवर लावले असता, तारेत 13 अँपिअर वाहत असतानाही, शून्य दाखवितात. खिशातील टेस्टरचेही तसेच आहे; जमिनीशी न जोडलेल्या डीसी तारेवर तो पेटेलच असे नाही, म्हणून तो पेटला नाही याचा अर्थ तार निर्जीव आहे असा होत नाही. व्होल्ट मोजणारा मीटर किमान 1000 व्होल्ट डीसीला चालणारा असावा, आणि तो आधी जिवंत असल्याचे माहीत असलेल्या जागी, मग कामाच्या तारेवर, आणि शेवटी पुन्हा त्या पहिल्या जागी लावून पाहावा. नाहीतर मध्येच बिघडलेल्या मीटरचे शून्य हे तारेचे शून्य समजले जाते.

माळेचे तुकडे करण्याची पायरी घाईत वगळली जाते, पण खरी सुरक्षितता तिच्यात आहे. सहा पॅनेलांच्या माळेतील दोन जोड सोडविले आणि दोन-दोनचे तीन तुकडे केले, की प्रत्येकात 99 व्होल्टच उरतात, म्हणजे 120 च्या आत. हीच युक्ती नवा संच बसवितानाही लागू पडते: सर्व पॅनेल जोडत जाताना मधला एखादा जोड मुद्दाम उघडा ठेवावा, खालच्या तारा, पेटी आणि इन्व्हर्टर यांचे काम संपवावे, आणि तो जोड सर्वांत शेवटी, आयसोलेटर बंद स्थितीत असताना लावावा. त्यामुळे खाली काम करणाऱ्याच्या हाती पूर्ण दाबाची तार कधी येतच नाही.

## कठडा नसलेला स्लॅब आणि सिमेंटचा पत्रा

विजेचा सौम्य झटकाही छतावर घातक ठरतो, कारण हिसक्याने माणूस मागे सरतो आणि मागे कडा असते. घरमालकाला गच्ची वापरायला मोकळी हवी असल्याने पॅनेल हल्ली सात-आठ फूट उंच सांगाड्यावर बसवितात. त्यामुळे कठडा असला तरी काम करणारा त्याच्या वरच्या पातळीला असतो आणि कठड्याचा उपयोग उरत नाही.

अशा वेळी अंगभर पट्ट्यांचा हार्नेस घातला म्हणजे झाले, असे समजतात. पण हार्नेसला पडणारा माणूस थांबवायला उंची लागते. पट्टीची लांबी 1.8 मीटर, झटका शोषण्यासाठी उलगडणारा तिचा भाग 1.75 मीटरपर्यंत, हार्नेसच्या कडीपासून पायांपर्यंतचे अंतर दीड मीटर आणि खाली मोकळी जागा म्हणून एक मीटर, अशी बेरीज केली तर 6 मीटरहून थोडे अधिक अंतर होते. एकमजली घराचा स्लॅब सुमारे सव्वातीन मीटरवर असतो. तेथे ही पट्टी ताणली जाण्याआधीच माणूस जमिनीवर आदळतो. म्हणून कमी उंचीच्या घरावर पट्टी आखूड ठेवून ती अशा जागी बांधावी की माणूस कडेपर्यंत पोहोचूच शकणार नाही. पडल्यावर थांबविण्यापेक्षा पडू न देणे येथे अधिक खात्रीचे आहे. आणि ती पाण्याच्या प्लास्टिक टाकीच्या पाइपाला बांधू नये.

पूर्वभागातील जुन्या यंत्रमाग शेडवर प्रश्न कडेचा नसून पायाखालच्या पत्र्याचा असतो. सिमेंटचा पत्रा अनेक उन्हाळे-पावसाळे खाऊन ठिसूळ झालेला असतो. तो स्वतःचे वजन पेलतो म्हणून मजबूत दिसतो, आणि माणसाच्या एका टाचेने फुटतो. उजेडासाठी मध्ये मध्ये बसविलेले पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे त्याहून वाईट, कारण धुळीने ते इतर पत्र्यांसारखेच राखाडी झालेले असतात आणि वरून ओळखू येत नाहीत. पत्र्यावर दिसणाऱ्या बोल्टच्या रांगांखाली लोखंडी आडव्या असतात. तरीही केवळ त्या रांगेवरून तोल सांभाळत चालणे पुरेसे नाही, तर दोन-तीन आडव्यांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या टाकून वजन वाटून घ्यावे लागते, आणि शेडच्या आत, खाली चालू असलेले माग त्या पट्ट्यात थांबवून माणसे हलवावी लागतात. अशा छतावर पॅनेल चढवावेतच का, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. पत्रे बदलण्याचा खर्च टाळून त्यांच्यावर पंचवीस वर्षे टिकणारा संच उभारणे म्हणजे पुढील प्रत्येक दुरुस्तीला कोणाला तरी त्या ठिसूळ पत्र्यावर पाठविणे होय.

वाऱ्याचा हिशेबही कागदावर करून पाहावा असा आहे. 540 वॉटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे 2.6 चौरस मीटर व वजन 28 किलोच्या आसपास असते. ताशी 36 किलोमीटरचा वारा त्याच्यावर काटकोनात आला तर सुमारे 19 किलो वजनाएवढा रेटा बसतो. वारा ताशी 54 झाला की हाच रेटा 40 किलोच्या पुढे जातो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाच्या पावसाआधी वावटळ उठते, तेव्हा सांगाड्यावर पॅनेल हातात धरून उभा असलेला माणूस पॅनेल सोडू शकत नाही आणि धरूनही ठेवू शकत नाही. दुपारचे ऊन, तापलेले लोखंड आणि हा वारा, तिन्ही टाळायचे तर पॅनेल चढविण्याचे काम सकाळी लवकर आटोपावे लागते.

अरुंद गल्ल्यांत आणखी एक धोका खालून वर येतो. सांगाड्याचे सहा मीटर लांबीचे पाइप दोरीने उभे ओढून घेताना ते घराजवळून जाणाऱ्या 11 केव्हीच्या वाहिनीकडे झुकतात, आणि या दाबाला प्रत्यक्ष स्पर्शाचीही गरज नसते. अशी वाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून ती बंद करून घेतल्याशिवाय लांब धातूची वस्तू उचलू नये.

## आग लागली तर

इतर आगींत वीज तोडली की पाणी मारता येते. येथे मुख्य स्विच पाडल्यावरही छतावरील तारा जिवंत असतात आणि पॅनेलची काच फोडल्यानेही ते थांबत नाही. घरच्यांनी एसी एमसीबी व डीसी आयसोलेटर हाताशी असतील तर बंद करावेत, छतावर जाऊ नये, पाणी मारू नये, आणि 101 वर कळविताना छतावर सोलर आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे.

ही अडचण ओळखून अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने 2014 च्या आवृत्तीपासून छतावरील दाब स्विचसरशी काही सेकंदांत उतरविणाऱ्या यंत्रणेची अट घातली, आणि पुढे ती अधिक कडक करून माळेच्या आतील दाबही 80 व्होल्टपर्यंत खाली आणण्यास सांगितले. यासाठी प्रत्येक पॅनेलमागे एक छोटी पेटी लागते. म्हणजे खर्च वाढतो आणि छतावर जोडही वाढतात, आणि जोडांचे काय होते ते वर आलेच आहे. ऑस्ट्रेलियाचा अनुभव याबाबत बोलका आहे: तेथे सुरक्षेसाठी छतावर पॅनेलांजवळ डीसी आयसोलेटर बसविणे सक्तीचे होते, परंतु ऊन-पावसात त्या पेट्यांत पाणी शिरून त्याच आगींचे कारण ठरू लागल्या, आणि 2021 च्या सुधारित मानकात ती सक्ती शिथिल करण्यात आली. आपल्याकडेही डीसी पेटी किंवा स्विच उघड्या गच्चीवर टांगण्यापेक्षा सावलीत, भिंतीच्या आडोशाला असावा, आणि तारांची छिद्रे पेटीच्या वरच्या बाजूला नसून खालच्या बाजूला असावीत.

## संच ताब्यात घेताना

बसविणाऱ्याने काम नीट केले की नाही, हे घरमालकाला पॅनेलकडे पाहून कळत नाही. मोजमापांच्या नोंदीवरून कळते. प्रत्येक माळेचा उघड्या टोकांचा दाब त्या वेळच्या उन्हासह व तापमानासह लिहून घ्यावा. सहा पॅनेलांच्या माळेत दुपारी 260 ते 280 व्होल्ट आले तर ठीक; 220 च्या आसपास आले तर एक पॅनेल जोडलेलाच नाही किंवा सदोष आहे. दुसरी नोंद आवरणाच्या रोधाची असते. तारा आणि जमीन यांच्यामध्ये 500 व्होल्टच्या चाचणीयंत्राने मोजला असता, या दाबाच्या संचात तो किमान 1 मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम असावा लागतो. नव्या संचात तो त्याहून पुष्कळ जास्त येतो, म्हणून पहिला आकडा जपून ठेवला तर पुढील वर्षीच्या आकड्याशी ताडून आवरण कोठे झिजू लागले आहे का, हे इन्व्हर्टरने दोष दाखविण्याआधीच कळते. तिसरा कागद साध्या नकाशाचा: पॅनेल कोठे, तारा कोणत्या भिंतीवरून उतरतात, डीसी आयसोलेटर कोठे आणि कोणता भाग दिवसा सदैव जिवंत असतो. हा नकाशा मीटरच्या पेटीजवळ, उन्हाने न फिकटणाऱ्या छपाईत लावावा, कारण आगीच्या वेळी जवान येतात ते तेथेच, आणि पाच वर्षांनी पाण्याची टाकी दुरुस्त करायला येणाऱ्या प्लंबरला गच्चीवरचा तो काळा पाइप पाण्याचा नाही, हेही तेथूनच कळते.